करमत नाही, याला नाव काय?

काही दिवसांपूर्वी घोडेगावहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. त्यांची नात पुण्यात वसतिगृहात राहून नर्सिंगचं शिक्षण घेते आहे. वर्गात मुलींना एक तक्ता करायला सांगितला होता. रुग्णांच्या मनात येणाऱ्या भावनांची इंग्रजी नावं एका रकान्यात आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द दुसऱ्या रकान्यात. भीती, चिंता, राग, दुःख हे सगळं सुरळीत पार पडलं आणि गाडी ‘होमसिकनेस’पाशी अडली. नातीनं रात्री आजीला फोन केला. आजी म्हणाली, ‘‘अगं, सोपं आहे. करमत नाही म्हणायचं.’’ नात म्हणाली, ‘‘आजी, ते वाक्य झालं. रकान्यात एकच शब्द बसतो. शब्द सांग ना.’’

चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंना तो शब्द सापडेना. त्यांनी मला विचारलं, ‘‘एवढी समृद्ध भाषा आपली, मग एवढ्या साध्या भावनेला नाव कसं नाही?’’ फोनवर मलाही उत्तर देता आलं नाही. ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

आधी शब्द खरंच नाही ना, हे तपासून पाहू. प्रतिशब्द बरोबर आहे की नाही हे कोशात बघून कळत नाही, तो माणसाच्या तोंडी घालून बघावा लागतो. ‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द वापरतात. छान शब्द आहे, पण त्यात रंजन आहे. वसतिगृहाच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलीचं कसलं रंजन होतं आहे? दुसरा शब्द ‘गतकातरता’. त्यातली व्याकुळता गेलेल्या काळासाठी आहे. या मुलीचं घर मात्र गत झालेलं नाही, ते एसटीनं काही तासांच्या अंतरावर आहे. ‘विरह’ म्हणावं तर तो शब्द मराठीनं प्रियकर-प्रेयसी आणि भक्त-देव यांच्यासाठी राखून ठेवला आहे. आईपासून दूर आलेल्या मुलीनं ‘मला विरह झालाय’ म्हटलं तर मैत्रिणी भलताच अर्थ काढतील. ‘ओढ’ बराच जवळ येतो, पण ओढ सुखाचीही असते. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी घराची ओढ लागते ती आनंदाची असते, तिच्यात आजार नसतो. म्हणजे शब्द पुष्कळ आहेत, पण एकही या खाचेत नेमका बसत नाही.

आता गंमत अशी की ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण अडलो, तो इंग्रजीतही मुळात नव्हता. ही गोष्ट १६८८ सालची आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेली तरुण माणसं खंगत जातात, खाणंपिणं सोडतात, तापानं फणफणतात, आणि घरी न्यायला निघालं की सुधारतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. तिथल्या लोकांच्या बोलीत याला ‘हाइमवे’ म्हणत, म्हणजे घराचं दुखणं. पण लोकांच्या बोलीतला शब्द वैद्यकाच्या ग्रंथात चालणार कसा? म्हणून होफरनं ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडले आणि ‘नॉस्टॅल्जिया’ तयार केला. पुढे अठराव्या शतकात इंग्रजांनी एकीकडे हा वैद्यकी शब्द उचलला आणि दुसरीकडे ‘हाइमवे’चं शब्दशः भाषांतर करून ‘होमसिकनेस’ बनवला. कॅप्टन कुकच्या जहाजावर असलेल्या जोसेफ बँक्सनं १७७० मध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की, खलाशी घराच्या आठवणीनं झुरू लागले आहेत आणि वैद्य लोक याला ‘नॉस्टॅल्जिया’ नावाचा रोगच मानतात.

होफरच्या प्रबंधात एका रुग्णाची हकीकत आहे. एक खेड्यातली मुलगी पडून जखमी झाली म्हणून तिला शहरातल्या रुग्णालयात ठेवलं. जखम बरी होत आली, पण मुलगी खाईना, औषध घेईना. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, ‘मला घरी जायचंय.’ शेवटी घरी नेल्यावर ती थोड्याच दिवसांत बरी झाली. या हकीकतीत नाम होफरचं आहे, वाक्य त्या मुलीचं आहे. भोगणाऱ्याला नावाची गरज पडली नाही. ती पडली बाहेरून बघणाऱ्याला, कारण त्याला रोगांच्या यादीत एक ओळ भरायची होती. आमच्या शिक्षिकाबाईंच्या नातीलाही तक्त्यातला रकानाच भरायचा होता.

मग आपल्याकडे असा शब्द कधी नव्हताच का? होता. तो शोधायला जुन्नरपासून फार लांब जावं लागत नाही. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारा नाणेघाट ही सातवाहनांच्या काळची व्यापाराची वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. या सातवाहन परंपरेतल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह सांगितला जातो. त्या गाथांत वाटेला लागलेला नवरा आणि घरी राहिलेली बायको पुन्हा पुन्हा भेटतात. अशा बाईला संस्कृतात ‘प्रोषितपतिका’ म्हणतात, प्राकृतात ‘पउत्थवइआ’. जिचा नवरा परगावी गेला आहे ती. तिला जे होतं, त्यासाठी संस्कृतात शब्द होता ‘उत्कंठा’ आणि प्राकृतात ‘उक्कंठा’. उत् म्हणजे वर आणि कंठ म्हणजे गळा. मान उंच करून वाटेकडे बघत राहणं, असं चित्रच त्या शब्दात आहे. कालिदासानं ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात मुलीला सासरी पाठवणाऱ्या कण्वांच्या मनाची अवस्था सांगताना हाच शब्द वापरला आहे.

हा शब्द मराठीत आजही आहे, पण त्याचं काय झालं बघा. आज आपण म्हणतो, ‘निकालाची उत्कंठा शिगेला पोहोचली’, ‘उत्कंठावर्धक सामना’. मान उंचावलेलीच राहिली, फक्त नजर फिरली. जे दूर गेलं त्याच्याकडे बघणारा शब्द जे यायचं आहे त्याच्याकडे बघू लागला. भावना होती तिथंच राहिली आणि तिचं नाव दुसऱ्या घरी गेलं. म्हणून ‘जुन्या काळी शब्द होता, तोच परत वापरू’ असं म्हणून भागत नाही. त्या मुलीनं तक्त्यात ‘उत्कंठा’ लिहिलं तर रुग्ण क्रिकेटचा सामना बघतोय असं वाटेल!

आता आजीबाईंच्या उत्तराकडे परत येऊ. ‘करमत नाही’ हे दोन शब्द वाटतात तेवढे साधे नाहीत. ‘करमणे’ हे क्रियापद आपण ‘नाही’बरोबर किंवा प्रश्नातच जास्त वापरतो. ‘मला खूप करमतं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘करमतंय का तिकडे?’ असं विचारतो आणि ‘करमत नाही’ किंवा ‘आता करमायला लागलंय’ असं उत्तर देतो. याच धातूपासून झालेलं ‘करमणूक’ हे नाम मात्र सरळ नाटक-सिनेमाकडे निघून गेलं. म्हणजे क्रियापदाला नाम आहे, पण ते उलट्या बाजूचं. करमण्याला करमणूक आहे, न करमण्याला काही नाही.

वाक्याची बांधणीही बघा. इंग्रजीत ‘मी होमसिक आहे’ अशी रचना होते. तिथं ‘मी’ कर्ता असतो आणि ती भावना त्या ‘मी’चं विशेषण असते. मराठीत आपण म्हणतो, ‘मला करमत नाही.’ ‘मी’चा ‘मला’ होतो. शाळेतल्या व्याकरणात आपण कर्ता शोधायचो, तसा इथं शोधून बघा. करमण्याचं काम कोण करतं? कुणीच नाही. भूतकाळात ‘मला करमलं नाही’ असं नपुंसकलिंगी रूप येतं, ते मुलगा म्हणो की मुलगी. वाक्याला कर्ता नाही, ज्याच्यावर हे ओढवलं तो माणूस फक्त आहे. मराठीत अशा पुष्कळ भावना माणसापाशी येतात: आठवण येते, रडू येतं, भरून येतं, पोटात कालवतं, जीव लागत नाही. जी गोष्ट आपण करत नाही, जी आपल्याला होते, ती सांगायला भाषेला वाक्यच सोयीचं पडतं. त्याचं नाम करायला जावं तर ‘न-करमणं’ अशी ओढूनताणून केलेली रूपं होतात. ती कुणी बोलत नाही.

पण ‘करमत नाही’ म्हणजेच ‘होमसिक’ असं समीकरणही मांडता येत नाही. हीच मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घोडेगावला गेली आणि चार दिवसांनी मैत्रिणींच्या आठवणीनं म्हणाली, ‘आजी, घरी करमत नाही गं,’ तर ते मराठी अगदी बरोबर आहे. इंग्रजी शब्दात घर बांधलेलं आहे, मराठी क्रियापदात नाही. कुठं करमत नाही आणि कुणावाचून करमत नाही, हे दर वेळी वेगळं सांगावं लागतं.

हीच गोष्ट आपल्या नामांतही दिसते. हुरहूर, हळहळ, चुटपुट, रुखरुख, तगमग, घालमेल, काहूर असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. मोल्सवर्थसाहेबांनी पंडितांच्या मदतीनं केलेल्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. असे नादावरून झालेले शब्द मराठीत किती आहेत, हे तो कोश नुसता चाळला तरी दिसतं. या शब्दांतला फरक मराठी माणसाला न शिकवता कळतो. एसटी थोडक्यात चुकली तर चुटपुट लागते. आजारी माणसाला भेटायचं राहून गेलं आणि तो गेला तर रुखरुख लागते. शेजारच्याचं उभं पीक गारपिटीनं गेलं तर हळहळ वाटते. संध्याकाळी दिवेलागणीला, काही कारण सांगता येत नसताना, हुरहूर लागते. मनाची हालचाल कशी आहे, बारीक की मोठी, टोचणारी की ढवळणारी, हे या शब्दांत नेमकं उतरलं आहे. ती कशामुळे आहे, हे मात्र त्यांत नाही. इंग्रजी शब्द कारण सांगतो आणि हालचाल सांगत नाही, मराठी शब्द हालचाल सांगतो आणि कारण सांगत नाही. दोन भाषांनी एकाच अनुभवाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पाडले आहेत. म्हणून एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला की कडा जुळत नाहीत.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या घरांच्या इतिहासातलं. ‘होम’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे घर आहे, गाव आहे आणि माहेर आहे. मातृगृहाचं झिजत झिजत माहेर झालं आणि सासऱ्याच्या घराचं सासर. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला दोन घरं आणि त्यातलं एक कायमचं दूर. ही गोष्ट इतकी ठरलेली होती की भाषेनं भावनेऐवजी माणसाच्या जागेलाच नाव दिलं: माहेरवाशीण, सासुरवाशीण. प्राकृतातल्या ‘पउत्थवइआ’सारखंच हे. अमुक बाई सासुरवाशीण आहे म्हटलं की तिला काय वाटत असेल ते सगळ्यांना ठाऊकच. वेगळं नाव कशाला? तिचं मन बोलायचं ते जात्यावर. गी पॉटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत माहेराच्या ओव्या भरपूर आहेत. त्या ओव्यांत भावनेचं नाव क्वचित येतं. त्यांत वाट येते, भाऊ येतो, बैल येतात, आईच्या दारातलं झाड येतं. नामाचं काम तिथं सगळी ओवीच करते.

पुरुषांचंही तसंच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागातून पोटासाठी मुंबईला जाणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच मुंबईच्या गिरणीत कामाला गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे उभा राहून हुतात्मा झाला. अशा माणसांना गावात आजही ‘मुंबईकर’ म्हणतात. जन्म इथला, यात्रेला येणार इथंच, पण नाव मुंबईकर. त्या एका नावात तो कुठं नाही हे सांगितलेलं असतं. यात्रा जवळ आली की मुंबईत त्याचा जीव लागेनासा होतो. त्या न लागण्यालाही नाम नाही, त्याच्यासाठी पंचांगातली एक तारीख आहे.

इथपर्यंत सांगितल्यावर, फोनवर शेवटी बाईंनी जे सांगितलं त्याकडे येतो. त्यांचं माहेर आंबेगावचं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते मूळ आंबेगाव, घोड नदीच्या काठचं. विसाव्या शतकाच्या अखेरीस डिंभे धरण पुरं झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. बाकीची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नर तालुक्यात आहेत. सुमारे साडेबारा टीएमसी उपयुक्त पाणी डिंभ्यात साठतं, आणि या प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी पार नगर-सोलापूरच्या दुष्काळी भागापर्यंत जातं. जलाशयाला नाव दिलं आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. जो गाव सोडून गेला होता त्याचं नाव, जी गावं सोडावी लागली त्यांच्यावरच्या पाण्याला.

आता आपले सगळे शब्द या बाईंवर लावून बघा. ‘होमसिक’ त्यांना लागू नाही, कारण त्या घोडेगावात आपल्या घरी आहेत. ‘करमत नाही’ नाही, कारण त्यांना छान करमतं. ‘माहेरची ओढ’ म्हणावी तर ओढीला दुसरं टोक लागतं. माहेरवाशीण या शब्दातलं माहेरच तळाला गेलं. ग्लेन अल्ब्रेख्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतकानं २००३ च्या सुमारास अशा प्रसंगासाठी ‘सोलास्टॅल्जिया’ असा शब्द घडवला. न्यू साऊथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी भोवतालची जमीन ओळखू येईनाशी केली. माणसं जागची हलली नव्हती, जागाच त्यांना सोडून गेली होती. त्या दुःखासाठी इंग्रजीतही शब्द नव्हता, म्हणून तो पुन्हा जोडून बनवावा लागला. आंबेगावला तोही अर्धाच बसतो, कारण इथं माणसंही हलली आणि जागाही गेली.

मराठीनं इथं काय केलं? जे ती नेहमी करते तेच. माणसाला नाव दिलं, ‘धरणग्रस्त’. हे नाव कचेरीतून आलं आणि दाखल्यावर बसलं. दाखल्यावर जमीन किती गेली ते लिहिता येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात केलेल्या पिकाला ‘गाळपेर’ म्हणतात. धरणाकाठच्या आदिवासी कुटुंबांनी ही जमीन कसायला मिळावी म्हणून संघटितपणे प्रयत्न केले. आपलीच जमीन, वर्षातले थोडे महिने, पाण्याकडून उसनी घ्यायची. कामाला शब्द मिळाला, गाळपेर. मनाला नाही मिळाला.

पाणी फार खाली गेलेल्या वर्षी जुन्या आंबेगावातली देवळं उघडी पडतात आणि लोक बघायला जातात. बाई एकदा गेल्या होत्या. मी विचारलं, ‘‘काय वाटलं?’’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या उंबऱ्याची जागा सापडली. तिथं उभी राहिले.’’ एवढंच. मी त्यांना त्या भावनेचं नाव विचारलं नाही.

आणि नातीच्या तक्त्याचं काय झालं? मी सुचवलं की रकान्यात ‘घरच्यांवाचून न करमणं’ असं लिहू दे. शब्द तीन होतात, पण खोटा एकही नाही. शिवाय पुढं नर्स झाल्यावर तिला रुग्णाला ‘तुम्हाला गृहविरह झाला आहे का?’ असं विचारायचं नाही. आदिवासी पाड्यावरून आलेली म्हातारी औषध घेईना, जेवेना, तेव्हा खाटेपाशी बसून तिला विचारायचं ते एवढंच, ‘‘आजी, इथं करमत नाही का?’’ ज्या भावनेला नाम नाही तिच्यासाठी आपल्याकडे हा प्रश्न आहे. तो विचारला की उत्तर येतं.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)